एररचा फोटो आला, प्रश्न कुठाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट, मशीद बंदर आणि अंधेरी एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. व्हॉट्सॲपवर दिवसभर स्क्रीनशॉट येत असतात आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंखाली एक अक्षरही नसतं. ऑफिसांकडून आम्हाला आणि आमच्याकडून ऑफिसांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह इथे दिले आहेत.

एरर फोटोत स्पष्ट दिसतेय. वेगळं लिहायचं ते काय?

एररच्या चौकटीत काय लिहिलेलं असतं? त्या प्रोग्रामला जेवढं दिसलं तेवढंच. तुम्ही काय करायला गेला होतात, ते त्याला ठाऊक नसतं. कालपर्यंत हेच चालत होतं का, शेजारच्या टेबलावर चालतंय का, आज संध्याकाळच्या आत काम उरकायचं आहे का, यातलं काहीच त्या चौकटीत येत नाही. आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे, हे तर कुठलीच एरर सांगू शकत नाही.

ब्राउझरमध्ये `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असं आलं, असं धरा. एवढाच फोटो पाठवणाऱ्याच्या मनात किती वेगवेगळे प्रश्न असू शकतात बघा. ही साइट बंद पडली का? माझा पासवर्ड कुणी चोरला का? खालच्या `Advanced` वर टिचकी मारून तसंच पुढे गेलं तर चालेल का? माझ्याच मशीनला झालंय की सगळ्यांना? फोटो एकच, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर निराळं. यातला तुमचा कुठला, ते आम्ही ओळखायचं कसं?

पण लोक विसरतात कसे? प्रश्न विचारायलाच तर मेसेज करतात ना?

खरं आहे, आणि म्हणूनच आम्हाला हा विसराळूपणा वाटत नाही. मायकेल बर्न आणि सुझन बोवेअर या संशोधकांनी १९९७ साली एका ठरावीक प्रकारच्या चुकीवर निबंध लिहिला होता. मुख्य काम झालं असं मनाला वाटलं की त्यानंतरची उरलेली पायरी सुटते. झेरॉक्स हातात आली की मूळ कागद मशीनमध्येच राहतो. एटीएममधून पैसे मिळाले की कार्ड तिथेच राहतं. बऱ्याच एटीएममध्ये आधी कार्ड बाहेर येतं आणि मग पैसे, ते याच कारणासाठी. बर्न आणि बोवेअर यांना आणखी एक गोष्ट आढळली. डोक्यावर दुसऱ्या गोष्टींचा भार असला की ही चूक जास्त होते.

त्यांनी काही स्क्रीनशॉटचा अभ्यास केला नव्हता, ही जोड आमची. पण रोज जे बघतो त्याला ती चपखल बसते. एरर आल्यावर माणूस धडपड करतो ती फोटोसाठी. चौकट बंद होण्याआधी पकडायची, ती मोबाइलवर घ्यायची, बरोबर ग्रुप शोधायचा, फोटो जोडायचा. चार-पाच पायऱ्यांची ही खटपट पार पडून हिरवं बटण दाबलं की मन म्हणतं, झालं, कळवलं. प्रश्न लिहायची पायरी या सगळ्याच्या शेवटी असते, आणि नेमकी तीच गळते.

यात सॉफ्टवेअरचाही हातभार आहे. ईमेलमध्ये ‘सोबत जोडलं आहे’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलंत आणि फाइल जोडायला विसरलात, तर जीमेल पाठवण्याआधी टोकतं. उलट झालं, म्हणजे फाइल जोडली आणि लिहिलं काहीच नाही, तर व्हॉट्सॲपवर कुणी हटकत नाही. फोटोखाली मजकुराची जागा असते, पण ती रिकामी ठेवली तरी मेसेज निमूट जातो.

मला वाटलं मी लिहिलंय. असं का वाटतं?

कारण प्रश्न तुमच्या डोक्यात इतका स्वच्छ असतो, की तो फोटोतही दिसतो असा भास होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. काही जणांना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

तुम्ही अर्धा तास त्या एररशी झगडत असता. मागचं पुढचं सगळं डोक्यात ताजं असतं. आमच्याकडे येते ती टकटक.

एखादी खरी केस सांगाल का?

सांगतो. फोर्टमधलं एका कर सल्लागारांचं ऑफिस. सोमवार, महिन्याची २० तारीख, म्हणजे दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ३बी रिटर्नचा शेवटचा दिवस. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोटो आला. फोटो म्हणजे एका ओळीची पट्टी, `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. मॅडमनी स्क्रीनशॉट घेऊन, नको तो भाग कापून, सर्वांत ‘टेक्निकल’ दिसणारी ओळ तेवढी पाठवली होती. खाली मजकूर नाही.

आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने त्यावरून जो तर्क करता येतो तो केला. सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. ब्राउझर त्या तारखा तपासतो आणि जुळल्या नाहीत की हा कोड दाखवतो. शेवटच्या दिवशी साइटवर ताण असतो, तिकडेच काहीतरी गडबड असेल असं धरून त्याने उत्तर दिलं, ‘मॅडम, साइटचा प्रॉब्लेम दिसतोय, थोड्या वेळाने बघा.’ मॅडम थांबल्या. दुपारपर्यंत दोनदा तोच फोटो पुन्हा आला. मजकूर तेव्हाही नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने फोन करून दोन गोष्टी विचारल्या. बाकीच्यांकडे साइट उघडतेय का? आणि हे कधीपासून होतंय? मॅडम म्हणाल्या, ‘बाकी सगळ्यांकडे उघडतंय. माझ्याकडेच नाही. मागच्या सोमवारीपण असंच झालं होतं, तेव्हा बाजूच्या मुलाने काहीतरी करून दिलं.’

इथे केस सुटली. प्रमाणपत्राच्या तारखा ब्राउझर ताडून बघतो त्या तुमच्याच मशीनच्या घड्याळाशी. घड्याळ काही वर्षं मागे गेलं, तर प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि कोड तोच येतो. बाकीच्यांकडे साइट उघडते, म्हणजे प्रमाणपत्र शाबूत आहे. आणि सोमवारचं काय? डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, CR2032, तीन व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम तिचं. पण प्लग चालू असेल तर मशीन शट डाउन केल्यावरही पॉवर सप्लायमधून बोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि बॅटरी संपली आहे हे कळत नाही. त्या ऑफिसात रोज रात्री मशीन नुसतं शट डाउन व्हायचं. शनिवारी मात्र शिपाई निघताना मेन स्विच पाडायचा, जुन्या बिल्डिंगमध्ये शॉर्ट सर्किटच्या भीतीने पाडतातच. रविवारभर वीज नाही, बॅटरीत जीव नाही, सोमवारी सकाळी मशीन फॅक्टरीतल्या तारखेवर जागं व्हायचं. मागच्या सोमवारी बाजूच्या मुलाने हाताने तारीख बदलून दिली होती आणि आठवडाभर कुणाला पत्ता लागला नव्हता.

‘फक्त माझ्याकडे, आणि दर सोमवारी.’ एवढं एक वाक्य सकाळी फोटोखाली असतं, तर साइटला दोष देण्याचा प्रश्नच आला नसता. शिवाय पट्टी कापली नसती तरी भागलं असतं. घड्याळ मागे असल्याचं क्रोमला कळलं की वर मोठ्या अक्षरात `Your clock is behind` असं येतं, आणि तसंही टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात चुकीची तारीख दिसतच असते. कापताना नेमके हेच दोन भाग गेले.

मग बॅटरी बदलली आणि झालं?

तारीख हाताने बदलून त्या दिवसाचं काम चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसवली. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात ती मिळते, स्वस्त असते. प्लग काढून बदलायची, मग BIOS मध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख आणि वेळ भरायची. फक्त विंडोजमध्ये तारीख नीट करत राहिलात, तर पुढच्या वेळी मेन पडला की घड्याळ परत मागे जाणार.

पण या केसचा खरा धडा वेगळाच आहे आणि तो आम्हाला संध्याकाळी कळला. मॅडमना एररबद्दल विचारायचंच नव्हतं. त्यांना विचारायचं होतं, ‘आज शेवटची तारीख आहे, दुसऱ्याच्या मशीनवरून रिटर्न भरलं तर चालेल का?’ याचं उत्तर सकाळीच मिळालं असतं. क्लायंट ओटीपीने भरणारा असेल तर कुठल्याही मशीनवरून भरता येतं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागणार असेल तर त्या दुसऱ्या मशीनवर टोकनचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर आधी टाकावं लागतं, एवढंच. आम्ही दिवसभर एररच्या मागे होतो, त्या दिवसभर रिटर्नच्या.

एकदा नुसता फोटो पाठवला होता तेव्हा लगेच उत्तर मिळालं होतं. मग आताच का लिहायचं?

हे कारण फारसं कुणी बोलून दाखवत नाही, पण आमच्या मते सवय पडते ती इथेच. काही एरर अशा असतात की फोटो बघताच उपाय सांगता येतो. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरला जोडताना `0x0000011b` ही एरर सगळीकडे यायला लागली. तेव्हा नुसता फोटो आला तरी काय झालंय आणि काय हवंय, दोन्ही कळायचं, कारण प्रिंटरला जोडू बघणाऱ्याला दुसरं काय हवं असणार? लोकांना वाटलं, फोटो पुरतो. मदत करणाऱ्यानेही अंदाजाने उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं की दोघांचीही खात्री पटते. अंदाज चुकल्यावर मात्र दोघं एकमेकांवर वैतागतात.

म्हणून आता आमच्या मुलांना सांगून ठेवलं आहे. कळलं तरी उत्तराआधी प्रश्नाची एक ओळ मागून घ्यायची.

खरं सांगायचं तर, काय लिहू ते कळत नाही. इंग्रजीत लिहायला नको वाटतं.

मराठीत लिहा. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही चालेल. हिंदी चालेल. ऐंशी सेकंदांची व्हॉइस नोटसुद्धा चालेल, फक्त ती फोटोसोबत पाठवा. एररमधला इंग्रजी मजकूर फोटोत आहेच, त्याचं भाषांतर तुम्ही करायची गरज नाही.

‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारतील म्हणून लिहायचं टाळतो.

हे सर्वांत अवघड कारण आहे. फोटोमध्ये दोष मशीनचा दिसतो. वाक्य लिहायला घेतलं की ‘मी अमुक दाबलं आणि मग हे आलं’ असं लिहावं लागतं, म्हणजे स्वतःला पुढे करावं लागतं. ऑफिसच्या ग्रुपवर, साहेबांसमोर, ते कुणाला आवडेल? त्यामुळे पुष्कळ लोक फोटो टाकून गप्प बसतात.

यात चूक विचारणाऱ्याचीही आहे. ‘काय केलंत?’ हा प्रश्न पोलीस चौकीत विचारल्यासारखा येतो. त्याऐवजी आम्ही विचारतो, ‘हे येण्याच्या आधी शेवटचं कुठलं बटण दाबलं होतं?’ याचं उत्तर द्यायला कुणाला संकोच वाटत नाही आणि आम्हाला हवं ते मिळतं. तुम्हाला ग्रुपवर लिहायचं नसेल तर आम्हाला वेगळा मेसेज करा. पेन ड्राइव्ह लावला होता, मुलाने घरी लॅपटॉपवर गेम टाकला होता, फाइल डिलीट झाली होती, जे असेल ते सांगा. आम्ही ते ग्रुपवर टाकत नाही.

मी घाईत होतो, लोकल पकडायची होती.

समजू शकतो. पण घाईतला एक प्रकार लक्षात ठेवा. प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोटो टाकला, प्रश्न गाडीत बसल्यावर लिहू म्हटलं, गाडीत रेंज गेली किंवा दादरला गर्दी घुसली, आणि अर्धं वाक्य टाइप करायच्या चौकटीतच राहिलं. तुम्हाला दुसऱ्या दिवशीही वाटत असतं की ते गेलं. त्यामुळे क्रम उलटा करा. आधी प्रश्नाची ओळ पाठवा, फोटो नंतर. फोटो राहिला तर आम्ही मागू शकतो. प्रश्न राहिला तर काय राहिलं तेच आम्हाला कळत नाही.

किती लिहायचं? निबंध नको वाटतो.

निबंध आम्हालाही नको. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, कधीपासून आणि कुणाकुणाला होतंय, आणि तुम्हाला आता काय हवंय, एवढं आलं की पुरे. मॅडमचा मेसेज असा असता तर चाललं असतं:

‘जीएसटीची साइट उघडत नाहीये, हे येतंय. फक्त माझ्या मशीनवर, मागच्या सोमवारीपण आलं होतं. आज शेवटचा दिवस आहे, दुसऱ्या मशीनवरून भरू का?’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. बाकी सगळं गाळलंत आणि तेवढंच लिहिलंत तरी काम पुढे सरकतं.

मग स्क्रीनशॉट पाठवूच नको का?

पाठवा, नक्की पाठवा. फक्त पूर्ण स्क्रीनचा पाठवा, कोपऱ्यातल्या घड्याळासकट. मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो टाळता आला तर बरा. त्यात रेषा येतात, आणि `0x0000011b` मधला शेवटचा `b` आठसारखा दिसला की आम्ही भलताच नंबर शोधत बसतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून बारीक अक्षरं असतील तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

विंडोजची साधी एरर चौकट असेल तर एक सोपी युक्ती आहे. चौकट समोर असताना `Ctrl+C` दाबा. काही झालेलं दिसणार नाही, पण चौकटीतला सगळा मजकूर कॉपी झालेला असतो. व्हॉट्सॲप वेब उघडून तो `Ctrl+V` ने चिकटवा. सगळ्याच प्रोग्रामांच्या चौकटींना हे लागू पडत नाही, ब्राउझरमधल्या पानाला तर नाहीच, पण जिथे चालतं तिथे फोटोची गरज उरत नाही. आणि एक फायदा असा, की मजकूर चिकटवल्यावर टाइप करायची चौकट उघडीच असते, त्यामुळे पुढे दोन शब्द लिहायला हात आपसूक जातो.

फोटोत खाते नंबर, पॅन वगैरे दिसतं. ते कापलं तर तुम्ही म्हणता पूर्ण पाठवा.

कापू नका, झाका. मोबाइलच्या फोटो एडिटरमध्ये त्या आकड्यांवरून जाड, पूर्ण काळी रेघ ओढा. हायलायटरच्या अर्धपारदर्शक रेघेखालचे आकडे उजेड वाढवला की वाचता येतात, ती वापरू नका. ओटीपी दिसत असलेला फोटो कुणालाच पाठवू नका, आम्हालाही नाही.

प्रश्नाशिवाय फोटो पाठवून बसलो. आता काय करू?

खाली नुसतं ‘?’ किंवा ‘हॅलो’ टाकू नका, आम्ही फोटो पाहिलेला असतो. त्याच फोटोवर बोट दाबून ‘रिप्लाय’ करा आणि प्रश्न तिथे लिहा. एकाच ग्रुपवर तीन जणांचे फोटो आले असतील तर कुणाचा प्रश्न कुठल्या फोटोचा, हे त्यावरूनच कळतं. काम खोळंबलेलं असेल तर सरळ फोन करा, पण मशीनसमोर बसून. टॅक्सीतून केलेल्या फोनवर आम्ही विचारणार ‘स्क्रीनवर आता काय दिसतंय?’, आणि तुम्ही म्हणणार, ‘फोटो पाठवलाय ना.’